आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं का? बारशाआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याची, नौपाड्यात वाढले, आता भाऊ-वहिनी ऐरोलीत राहतात. आमच्याकडे भाच्याच्या बारशाच्या वेळी नावावरून चार दिवस खल चालला होता, कारण बाबा एप्रिलमध्ये गेले आणि बाळ ऑगस्टमध्ये झालं. आत्या म्हणून कानात नाव सांगायचं काम माझं, त्यामुळे मी तेव्हा या विषयात घुसले ती घुसलेच. नंतर बिल्डिंगमधल्या, नात्यातल्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या कितीतरी जणींनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून ते सगळे इथे एकत्र लिहितेय.

जिवंत आजोबांचं नाव बाळाला ठेवलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणतात. आपल्या शास्त्रात असं काही आहे का?

मला तरी अशी जिवंत-मृत असा भेद करणारी अट सापडली नाही. जुन्यात जुनं आणि स्पष्ट जे हाती लागतं ते पतंजलीच्या महाभाष्यात आहे, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे याज्ञिकांचा नियम दिलाय की मूल झाल्यावर दहा दिवस उलटले की नाव ठेवावं, ते दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात घोषवर्णाने म्हणजे ग, द, ब, म असल्या अक्षराने व्हावी, आणि पुढे दोन शब्द येतात ते आपल्या कामाचे. एक ‘त्रिपुरुषानूकम्’, म्हणजे वरच्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांना धरून असलेलं. दुसरा ‘अनरिप्रतिष्ठितम्’, म्हणजे जे नाव शत्रूकडे चालत आलेलं नाही असं.

म्हणजे घरातलं नाव पुढे न्या असंच सांगितलंय की! त्या तीन पिढ्यांतला माणूस हयात असावा की नसावा, यावर तिथे अक्षर नाही.

मग सासूबाईंची भीती खोटी का? भीती खरी आहे, घरोघरी आहे, फक्त ती त्या ग्रंथातून आलेली नाहीये. ती कुठून येते ते पुढच्या प्रश्नात.

पण मग जिवंत माणसाचं नाव ठेवायला आपल्याकडे लोक इतके बिचकतात का?

माझ्या मते खरी अडचण मरणाची नाही, हाक मारण्याची आहे. नीट बघा, आपल्याकडे नाव घेण्यावरच किती बंधनं होती. बायको नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, घ्यायचंच झालं तर उखाण्यात. सून सासऱ्याचं नाव उच्चारायची नाही. आणि पुरुषांनाही सूट नव्हती, हा श्लोक जुन्या माणसांना पाठ असायचा:

आत्मनाम गुरोर्नाम नामातिकृपणस्य च ।
श्रेयस्कामो न गृह्णीयाज्ज्येष्ठापत्यकलत्रयोः ॥

म्हणजे ज्याला आपलं भलं व्हावंसं वाटतं त्याने स्वतःचं नाव, गुरूचं नाव, अतिकंजूष माणसाचं नाव, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव घेऊ नये. थोरल्या मुलाला नावाने हाक मारायची नाही, म्हणून तर घरोघरी बाळ, नाना, अण्णा, भाऊ, दादा.

आता यात सासऱ्यांचं नाव नातवाला ठेवा. सून दिवसातून पन्नास वेळा काय ओरडणार? सासरे सोफ्यावर पेपर वाचत बसलेत आणि ही आतून ‘अरे गाढवा, किती पसारा केलायस’ म्हणून त्यांच्याच नावाने दरडावतेय, हे कुणालाच सहन व्हायचं नाही. सासरे हयात नसतील तर निदान ते ऐकत नसतात, एवढाच फरक. म्हणून गेलेल्याचं नाव ठेवायला सोपं जातं आणि हयात माणसाचं अवघड, आणि कधीतरी या अवघडपणाला ‘आयुष्य कमी होतं’ असं कारण चिकटलं असावं. हा माझा तर्क आहे, पण ज्या ज्या घरात मी विचारलं तिथे खोदून विचारल्यावर शेवटी हाक मारण्यावरच गाडी आली.

गेलेल्या आजोबांचं नाव लगेच ठेवलं तर चालतं? वर्ष होऊ द्यावं लागतं का?

पेशव्यांच्या घरातच बघा. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं बाळाजी. हेच नानासाहेब पेशवे. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते, वर्षश्राद्ध तर लांबच. आणि बघा, इतिहास त्यांना कुठल्या नावाने ओळखतो, तर नानासाहेब! पाळण्यातलं नाव आजोबांचं, तोंडातलं नाव वेगळं.

गंमत म्हणजे खुद्द बाजीरावांचं पाळण्यातलं नाव विसाजी सांगतात, विसाजी म्हणजे विश्वनाथच, त्यांच्या आजोबांचं नाव. तेच नाव चालू राहिलं असतं तर नानासाहेबांचं पूर्ण नाव झालं असतं बाळाजी विश्वनाथ, आजोबांचं होतं तस्संच्या तसं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कागदपत्रांच्या प्रश्नात परत येणारे.

तरुणपणी किंवा अपघाती गेलेल्याचं नाव ठेवू नये म्हणतात. त्याचं नशीब मुलाला लागतं का?

हा प्रश्न मला नेहमी हळू आवाजात विचारला जातो, बहुतेक वेळा काकाचं किंवा मामाचं नाव मनात असतं. थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, वय सत्तावीस. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांचा मुलगा पुरंदरावर जन्मला, वडील गेल्यानंतर, आणि त्याला नाव दिलं माधवराव. दीड वर्षापूर्वी ऐन तारुण्यात गेलेल्या काकाचं! लोक त्यांना सवाई माधवराव म्हणू लागले, सवाई म्हणजे सव्वापट, त्यामुळे दोघांत घोळ होत नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, सवाई माधवरावही १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षीच गेले. खरंय. पण त्याच घरात जानेवारी १७७५ मध्ये राघोबादादांना मुलगा झाला, त्याला आजोबांचं, थोरल्या बाजीरावांचं, नाव ठेवलं. थोरले बाजीराव १७४० मध्ये चाळिशीच्या आत गेले होते. दुसरे बाजीराव मात्र १८५१ पर्यंत, शहात्तर वर्षं जगले. एकाच घरातल्या दोन जोड्या, दोन टोकाचे निकाल. ज्याला भीतीच शोधायचीये तो पहिली जोडी सांगतो, दुसरी सोडून देतो.

मनाला खुपत असेल तर मात्र नका ठेवू. ज्या आईला रोज हाक मारताना तो अपघात आठवणार असेल, तिला पेशव्यांचे दाखले देऊन काही होत नाही.

ज्यू लोकांत जिवंत माणसाचं नाव ठेवतच नाहीत ना? मग आपल्याकडेच ते कसं चालतं म्हणायचं?

अर्धं बरोबर. ज्यूंमध्ये दोन मोठे प्रवाह, त्यातले अश्केनाझी, म्हणजे मूळ जर्मनी-पोलंड-रशियाकडचे, ते हयात नातेवाइकाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचं आवर्जून देतात. त्यामागची एक समजूत अशी की मृत्युदूत त्या नावाच्या म्हाताऱ्याला न्यायला आला आणि घरात त्याच नावाचं लेकरू असलं तर चुकून लेकराला नेईल. इथे भीती कुणाच्या बाजूने आहे बघा. आपल्या सासूबाईंना वाटतं म्हाताऱ्याचं आयुष्य जाईल, त्यांना वाटतं बाळाचंही जाऊ शकतं. नावावर पकड असते म्हणूनच आजारी माणसाच्या नावात ‘खाइम’, म्हणजे जीवन, असं नाव जोडायचीही त्यांच्यात रीत आहे.

आणि सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडून पांगलेले, ते नेमकं उलटं करतात. हयात आजोबांचं नाव नातवाला देणं हा आजोबांचा मान. धर्म एकच, आणि एकाकडे जो अपशकुन तोच दुसऱ्याकडे सन्मान. नवरा एका प्रवाहातला आणि बायको दुसऱ्यातली असली की एका आजोबांना नाव दिलं म्हणून वाईट वाटतं आणि दुसऱ्यांना दिलं नाही म्हणून.

आपल्या ठाण्यात टेंभीनाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, शार हाशामायिम. तिथले बेने इस्रायल मराठी बोलणारे, कोकणातले, गावावरून ‘कर’ लागलेली आडनावं, जुन्या पिढीत सॅम्युएलचा सामाजी झालेला. ते अश्केनाझी नाहीत, तेव्हा शेजारच्या ज्यू काकूंना ‘तुमच्यात चालत नाही ना’ असं गृहीत धरून सांगायला जाऊ नका, त्यांनाच विचारा.

मग जगात नक्की नियम काय आहे? कुणाचं बरोबर?

एकच एक नियम नाहीच. मी तीन ठिकाणं सांगते, कारण त्यातून आपली भानगड मला जास्त नीट कळली.

ग्रीसमध्ये पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, ते समोर बसलेले असले तरी. चार भावांच्या चार मुलांची नावं एकच, असं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

जुन्या चीनमध्ये अगदी उलट, वाडवडिलांचं नाव मुलाला द्यायचं नाहीच, ते उच्चारायचं नाही, लिहायचं नाही. किती टोकाला जायचं? ली ह नावाचा तांग काळातला कवी होता, ७९० ते ८१६, जेमतेम सव्वीस वर्षांचं आयुष्य. त्याच्या वडिलांचं नाव जिनसू. सरकारी नोकरीसाठीची सर्वांत मोठी पदवी होती जिनशी. उच्चार जवळचे, म्हणून लोक म्हणाले हा परीक्षेला बसला तर बापाच्या नावाचा अपमान होईल! हान यू या मोठ्या लेखकाने त्याची बाजू घेऊन विचारलं की बापाचं नाव ‘रन’ असेल तर मुलाने माणूसच व्हायचं नाही का, कारण चिनीत माणसाला रन म्हणतात. युक्तिवाद बिनतोड होता, पण ली हला ती परीक्षा देता आली नाही ती नाहीच. तिथे माणूस जिवंत की मेलेला हा प्रश्नच गौण, नाव तोंडात येणं हाच गुन्हा. आपल्या सुनांनी सासऱ्याचं नाव न घेण्याच्या हे किती जवळ आहे!

तिसरं ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातले आदिवासी. माणूस गेला की त्याचं नाव काही काळ, काही महिने ते काही वर्षं, कुणीच घ्यायचं नाही. मग त्याच नावाचे जे जिवंत आहेत त्यांचं काय? त्यांना तेवढ्या काळापुरतं ‘कुमंजायी’ म्हणतात, म्हणजे ज्याचं नाव घेता येत नाही तो. म्हणजे तिकडे हयात आजोबांचं नाव नातवाला असलं तर आजोबा गेल्या दिवशी नातवाचंही नाव गेलं.

गेलेला माणूसच बाळाच्या रूपाने परत येतो, म्हणून त्याचं नाव ठेवतात, हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. ‘आजोबाच आले गं’ हे वाक्य बारशाला प्रत्येक घरात ऐकू येतं, पण नायजेरियातल्या योरुबा लोकांत तर तेच नाव होतं. आजोबा गेल्यावर मुलगा झाला तर बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले, आणि आजी गेल्यावर मुलगी झाली तर येतुंदे, आई परत आली. आजोबांचं स्वतःचं नाव काय होतं याने फरक पडत नाही.

आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांमध्ये ही गोष्ट शब्दशः घेतात. नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की ते बाळ नात्यानेही तो माणूस होतं. आईच्या वडिलांचं नाव मिळालेल्या लेकराला आई स्वतः ‘बाबा’ म्हणून हाक मारते, आणि आपल्या बाबांवर ओरडायचं कसं, म्हणून त्या मुलाला फारसं रागवतही नाहीत. आपल्याकडच्या सुनेची जी अडचण, तीच, फक्त त्यांनी नाव बदलायच्या ऐवजी ओरडणं सोडलं.

आजोबांचं नाव नातीला देता येईल का?

इनुइटांत देतात, कारण तिथे नावाला बाई-पुरुष असं नसतं. आपल्याकडे नाव फिरवून देतात, वसंतरावांची नात वासंती, असं. चांगलं दिसतं आणि हाक मारायची अडचणही येत नाही.

पाळण्यातलं एक आणि हाक मारायचं दुसरं, असं ठेवलं तर जन्मदाखल्यावर कुठलं टाकायचं?

इथे जरा सावकाश वाचा, बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, पण तेव्हा नाव द्यायलाच पाहिजे असं नाही. हॉस्पिटलचा माणूस फॉर्म घेऊन आला म्हणून घाईत नाव सांगू नका. नावाशिवाय नोंद होते, पुढे १२ महिन्यांत नाव टाकलं तर त्याला फी नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. एकदा टाकलेलं नाव बदलायला गेलात तर मात्र चांगलीच धावपळ होते. त्यामुळे घरात वाद चालू असेल तर तो आधी मिटवा, मग नाव टाका.

आता आजोबांचं नाव कागदावर टाकायचं असेल तर हे उदाहरण बघा. समजा पणजोबा विष्णू. आजोबा दत्तात्रय विष्णू. वडिलांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून ते विष्णू दत्तात्रय. आता बाळाला आजोबांचं नाव दिलं की ते झालं दत्तात्रय विष्णू, आडनाव तेच. आजोबा आणि नातू, पूर्ण नाव एकच, एका अक्षराचा फरक नाही. बाळ लहान असेपर्यंत काही होत नाही. ते मोठं होऊन गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला गेलं की तलाठी विचारतो, यातले गेलेले कोण आणि हयात कोण? मग मृत्यूदाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, वंशावळ जोडा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. त्यामुळे आता आजोबा आणि नातू यांच्या नावात आई उभी राहते आणि नाव आपोआप वेगळं होतं. मला हे फार आवडलं. माझ्या भाच्याच्या वेळी हा नियम नव्हता. आजोबांच्या जुन्या कागदांवर अर्थात जुनंच नाव राहणार, त्यामुळे त्यांचे जन्म-मृत्यूचे दाखले, पेन्शनचे कागद जपून ठेवा, टाकून देऊ नका.

आत्याने कानात कुठलं नाव सांगायचं?

घरी ठरलं असेल ते. काही घरांत पाळण्यातलं नाव पहिलं आणि मग हाकेचं, दोन्ही सांगतात. एकच करा, बारशाला उभं राहायच्या आधी आईला, म्हणजे बाळाच्या आईला, एकदा ते नाव मोठ्याने उच्चारायला सांगा. तिच्या तोंडून निघालं तर पुढचं सगळं निघतं. आमच्याकडे गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, मी कुर्र करून बाबांचं नाव सांगितलं, आणि वहिनीने तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, माझ्याच्याने हे नाव घेऊन त्याला रागवणं व्हायचं नाही. म्हणून दाखल्यावर बाबांचं नाव आणि घरात सोनू.

तुमच्या आई नातवाला काय म्हणतात?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. आईनेच बाबांच्या नावाचा हट्ट धरला होता आणि तिने स्वतः बावन्न वर्षांच्या संसारात ते नाव फक्त उखाण्यात घेतलेलं. ती त्याला ‘बाळा’च म्हणते. मागच्या जूनमध्ये सोनू प्लेग्रुपला जायला लागला, पहिल्या दिवशी आई न्यायला गेली होती, सुटल्यावर टीचरने गेटवर येऊन दाखल्यावरचं नाव मोठ्याने पुकारलं. आई पटकन म्हणाली, ‘आले हं’, आणि पुढे झाली.

घरी येऊन तिने मला फोन केला. काय झालं ते सांगताना तिने टीचरने हाक मारलेलं ते नाव घेतलं, उखाण्याशिवाय, आणि मग थोडा वेळ दोघीही गप्प होतो.